डिस्चार्ज कार्डावरची आठ वर्षं

प्रश्न: आईच्या अँजिओप्लास्टीचा २ लाख ४० हजारांचा क्लेम विमा कंपनीने नाकारला. डिस्चार्ज कार्डावर ‘मधुमेह ८ वर्षांपासून’ असं लिहिलंय, म्हणून आम्ही जुना आजार लपवला, असं त्यांचं म्हणणं. खरं तर निदान होऊन आठच महिने झालेत आणि पॉलिसी सव्वादोन वर्षांपूर्वी घेतली. डॉक्टर सर्टिफिकेट द्यायला तयार आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र कसं लिहू?

उत्तर: लिहायला बसण्याआधी हॉस्पिटलमधून आईच्या इनडोअर केसपेपरची प्रत मागून घ्या. कॅशलेससाठी अर्ज केला असेल तर तो फॉर्मही घ्या. दाखल करताना लिहिलेली हिस्टरी आधी या कागदांवर येते, डिस्चार्ज कार्ड नंतर टाइप होतं. केसपेपरवर आठ महिने असतील तर चूक टायपिंगची, आणि तुमची बाजू भक्कम. तिथेही आठ वर्षंच असतील, तर ती माहिती कोणी सांगितली याचा खुलासा डॉक्टरांना करावा लागेल. अशा वेळी नुसत्या सर्टिफिकेटवर कंपनी विश्वास ठेवत नाही. पैसे मिळावेत म्हणून मागाहून लिहून घेतलं, असाच तिचा समज होतो.

म्हणून सर्टिफिकेट मोघम नको. ‘रुग्णाला मधुमेह आहे, उपचार चालू आहेत’ एवढ्याने काहीच साधत नाही. डॉक्टरांनी साधारण असं लिहावं: ‘डिस्चार्ज कार्डावरील ८ वर्षे ही नोंद चुकीची आहे. केसपेपरनुसार निदान ८ महिन्यांपूर्वी झाले.’ खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तारीख हवी. मूळ कार्डावर खाडाखोड मात्र कोणालाही करू देऊ नका. सोबत निदानाच्या वेळचा रक्ताचा रिपोर्ट आणि गोळ्यांची पहिली चिठ्ठी लावा. पॉलिसीच्या आधीचा साखरेचा नॉर्मल रिपोर्ट घरात सापडला, तर त्याहून चांगला पुरावा नाही.

पत्र एका पानाचं पुरे. वर पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, नकारपत्राची तारीख. मग थेट मुद्दा: ‘आपण ज्या नोंदीवरून क्लेम नाकारला, ती चुकीची असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. पॉलिसी घेताना आईला मधुमेहाचे निदान झालेले नव्हते. याहून वेगळा पुरावा आपल्याकडे असल्यास त्याची प्रत द्यावी. अन्यथा क्लेम मंजूर करावा.’ पुरावा मागणारं वाक्य गाळू नका. माहिती लपवली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे. आईचं वय, घरची ओढाताण हे पत्रात आणू नका. मुद्दा पातळ होतो. पॉलिसी आईच्या नावावर असेल तर सहीही आईचीच हवी.

कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा, तक्रार क्रमांक मागून घ्या आणि झेरॉक्स जोडून स्पीड पोस्टानेही पाठवा. मूळ कागद स्वतःकडेच ठेवा. पुन्हा नकार आला, किंवा महिनाभरात उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही आणि वकीलही चालत नाही, म्हणजे माझाही तुम्हाला उपयोग नाही. मुदत एक वर्षाची असते, तेव्हा या पत्राची पोच जपून ठेवा.