स्प्रिंटच्या मध्यावर विचारायचा उलटा प्रश्न

"दोन आठवडे टीम राबते, बोर्डवरची बरीच कार्डं 'डन'मध्ये जातात. तरी रिव्ह्यूला साहेब विचारतात, 'मग या वेळी मिळालं काय?' आणि मला एका वाक्यात सांगता येत नाही. मीच कमी पडते आहे का?"

हा प्रश्न थोड्याफार फरकाने वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक प्रॉडक्ट ओनर किंवा टीम लीड असतात, आणि बहुतेकांनी दोष आधीच स्वतःच्या नावावर लिहून टाकलेला असतो. माझा कल असा आहे की आत्मविश्वासाकडे वळण्यापूर्वी माणसाच्या समोरचं काम कसं मांडलेलं आहे ते पाहावं. पुष्कळदा उत्तर न सुचण्याचं कारण तिथेच असतं. इथे दिलेली हकिकत पर्वरीतल्या एका टीमची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींचा ऐवज थोडक्यात मांडला आहे.

या बाई फोंड्याहून रोज पर्वरीला येणाऱ्या. काम होमस्टेच्या बुकिंग अ‍ॅपचं. टीममध्ये चार डेव्हलपर आणि एक टेस्टर, स्प्रिंट दहा कामकाजाच्या दिवसांचा. येऊ घातलेल्या स्प्रिंटचं ध्येय काय, असं विचारल्यावर त्यांनी जिराच्या स्प्रिंट गोल या रकान्यातला मजकूर वाचून दाखवला: "बुकिंग रद्द करण्याचं मॉड्यूल पूर्ण करणे, अहवालातले बग, स्क्रीनमधल्या सुधारणा."

"यातलं एक झालं आणि दोन राहिली, तर ध्येय गाठलं म्हणायचं की नाही?"

"अर्धवट गाठलं."

"आणि कोणतं राहिलं तर तुमची झोप उडेल?"

त्या लगेच म्हणाल्या, "पैसे परत जाण्याचं. मुदतीत बुकिंग रद्द केलं तरी पाहुण्याला आगाऊ रकमेसाठी ऑफिसात फोन करावा लागतो. सीझनमध्ये आमचा माणूस दिवसभर तेवढंच करत असतो."

ध्येय इथेच होतं, फक्त रकान्यात नव्हतं. रकान्यात होती कामांची यादी, आणि यादीला सरसकट 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देता येत नाही. दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी लिहिलं, "परताव्याची प्रक्रिया सुधारणे." हे एकच होतं, पण किती सुधारली म्हणजे झालं, यावर शेवटच्या दिवशी वाद घालता आला असता. तिसऱ्यांदा वाक्य आलं: "मुदतीआधी बुकिंग रद्द करणाऱ्या पाहुण्याला ऑफिसात फोन न करता पैसे मिळतात." हे टीमपुढे गेल्यावर एका डेव्हलपरने अचूक बोट ठेवलं. पेमेंट गेटवे परताव्याची विनंती लगेच स्वीकारतो, पण खात्यात रक्कम पडायला काही दिवस जाऊ शकतात, आणि ते बँकेच्या हातात असतं. जे टीमच्या हातात नाही ते ध्येयात घालू नये. म्हणून 'पैसे मिळतात' याच्या जागी 'परतावा सुटतो' आलं आणि वाक्य पक्कं झालं.

या वाक्यात स्क्रीनचा उल्लेख नाही, एपीआयचा नाही, कार्डांचा तर नाहीच. वाट मोकळी ठेवली की पुढे काही वगळता येतं. स्क्रम गाइडच्या नोव्हेंबर 2020च्या आवृत्तीतही स्प्रिंट बॅकलॉगची बांधिलकी म्हणून स्प्रिंट गोलच ठेवला आहे. बांधिलकी त्या हेतूशी असते. कामांची यादी हाती येणाऱ्या माहितीप्रमाणे प्रॉडक्ट ओनरशी बोलून बदलता येते. हे वाचलेलं अनेकांनी असतं, पण वगळायची वेळ आली की हात थरथरतो.

नियोजनात सतरा कार्डं घेतली गेली. त्यातल्या दहांवर `goal` हे लेबल लागलं, सात बिनलेबलची राहिली. सगळीच कार्डं ध्येयाची असावीत असा आग्रह मी धरत नाही. देखभालीची कामं असतातच, आणि अडचण आली की आधी त्यांनाच मागे सारता येतं. ध्येयाच्या कामांनीच स्प्रिंट काठोकाठ भरला, तर वगळायला काही उरत नाही.

आता मध्यावरची तपासणी. दहा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये मी सहाव्या दिवसाची सकाळ सुचवते. तिसऱ्या दिवशी पुरेसं कळलेलं नसतं, आठव्या दिवशी काही वगळून फायदा होत नाही, कारण टेस्टिंगला लागणारा वेळ तोवर हातून गेलेला असतो. वीस मिनिटं पुरतात. त्या आधी दोन याद्या काढून ठेवायच्या: उरलेली ध्येयाची कार्डं आणि उरलेली बाकीची. दुसऱ्या यादीत एक जुनी फसगत आहे. जिरामध्ये `labels != "goal"` एवढंच लिहिलं, तर ज्या कार्डांवर कोणतंच लेबल नाही ती येतच नाहीत, आणि आपल्याला हवी असतात नेमकी तीच. म्हणून असं लिहावं:

```
sprint in openSprints() AND statusCategory != Done
AND (labels is EMPTY OR labels not in ("goal"))
```

सहाव्या दिवशी चित्र असं होतं. आठ कार्डं झालेली, त्यात ध्येयाची पाच. उरली होती ध्येयाची पाच, बाकीची चार, आणि मधल्या काळात येऊन बसलेली दोन नवी. शिवाय गुरुवारपासून चवथ. माटोळी बांधायला तिघं गावी जाणार, म्हणजे पूर्ण टीम बुधवार संध्याकाळपर्यंतच. कार्डं अकरा, दिवस तीन.

"उरलेली सगळीच ध्येयाशी संबंधित आहेत," बाई म्हणाल्या.

बहुतेक टीम इथेच अडकतात. 'हे ध्येयाशी संबंधित आहे का?' हा प्रश्न चुकीचा आहे, कारण अर्धा तास बोललं तर कोणतंही काम कशाशीही जोडता येतं. मी सुचवते तो प्रश्न उलटा आहे: हे झालंच नाही, तर शेवटच्या दिवशी ते वाक्य खोटं ठरेल का?

गेटवेला परताव्याची विनंती पाठवण्याचं कार्ड: हो, खोटं ठरेल. गेटवेकडून उलट येणारा निरोप वाचून बुकिंगवर परताव्याची स्थिती दाखवण्याचं कार्ड: हो, कारण स्थिती दिसली नाही तर पाहुणा फोन करणारच. मुदतीनंतर रद्द केल्यास अर्धी रक्कम देण्याचं कार्ड: नाही, वाक्यात 'मुदतीआधी' आहे. होमस्टेच्या मालकाला एसएमएस पाठवण्याचं कार्ड: इथे थोडी चर्चा झाली. काणकोणच्या मालकाला खोली मोकळी झाल्याचं कळायलाच हवं, पण ईमेल आजही जातो. वाक्य खोटं ठरत नाही. बाजूला.

पाचवं कार्ड होतं रद्द करण्याच्या स्क्रीनच्या नव्या रूपाचं. जुन्या स्क्रीनवर बटण होतं आणि ते चालत होतं. खोलीत कुणी बोलेना. टेस्टरने खाली पाहिलं. मग बाईच म्हणाल्या, "हे मी घुसवलं होतं. साहेबांना दाखवायला बरं दिसेल म्हणून." आणि त्यांनी ते स्वतः बॅकलॉगमध्ये ओढलं.

माझ्या मते सगळी भेट त्या क्षणाला वळली. वगळायचं म्हटलं की प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या कार्डावर जाते. सर्वात जास्त अधिकार असलेल्या माणसाने आपलं कार्ड आधी काढलं, की वगळण्याला अपयशाचा वास राहत नाही. पुढच्या काही मिनिटांत एका डेव्हलपरने आपलं अहवालाचं कार्ड, दुसऱ्याने आपली कोडची साफसफाई आपणहून मागे घेतली. म्हणून आता मी प्रॉडक्ट ओनरला आधीच सांगून ठेवते: पहिलं कार्ड तुमचं निघू दे.

एवढ्यावर थांबलं तर तपासणी अर्धीच होते. दुसरा प्रश्न विचारावाच लागतो: फक्त ही उरलेली दोन झाली, तर वाक्य खरं ठरेल का? टेस्टर पहिल्यांदा बोलली. "परतावा अयशस्वी झाला तर?" गेटवेने विनंती घेतली आणि नंतर ती फसली, तर पाहुणा नेमका ऑफिसातच फोन करणार. त्यासाठी बोर्डवर कार्डच नव्हतं. अयशस्वी परतावा ओळखून पुन्हा पाठवणं आणि पाहुण्याला तसं दाखवणं, असं नवं कार्ड तिथेच लिहिलं गेलं. पाच कार्डांतून तीन निघाली आणि न दिसणारं एक आलं. उरलेल्या कामांकडे फक्त कात्री घेऊन पाहणाऱ्यांना हे सापडत नाही.

नव्याने आलेल्या दोनपैकी एक सेल्सवाल्यांचा बॅनर होता, तो थांबला. दुसरा होता एकाच खोलीचं दोनदा बुकिंग होण्याचा चालू सिस्टममधला बग. त्याचा ध्येयाशी संबंध शून्य, तरी तो घेतला गेला. रात्री सामान घेऊन दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला स्प्रिंटचं ध्येय सांगता येत नाही. अशी आणीबाणी या प्रश्नाच्या चाळणीत घालू नये. ती घ्यावी, आणि बदल्यात काय बाहेर गेलं ते त्याच वेळी मोठ्याने सांगावं.

हा बग मोठा निघाला असता तर? काही टीम अशा वेळी रकान्यातलं ध्येयच गुपचूप बदलतात, म्हणजे झालेल्या कामाला बसेल असं नवं वाक्य लिहितात. रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी ध्येय बदललेलं दिसलं की ओळखावं. कार्डं बदला, वाक्य राहू द्या. ते गाठलं नाही तर 'नाही' म्हणा. ध्येयाचा अर्थच उरला नसेल, उदाहरणार्थ गेटवेचा करारच रद्द झाला असेल, तर प्रॉडक्ट ओनर स्प्रिंट रद्द करू शकतो. तो अधिकार त्याचा एकट्याचा आहे, आणि क्वचितच वापरायचा.

बुधवारी संध्याकाळी चाचणीच्या खात्यातून परतावा सुटला. एक मुद्दाम फसवला, तोही पुन्हा गेला. गुरुवार-शुक्रवारी मागे राहिलेल्या दोघांनी डबल बुकिंगचा बग संपवला. रिव्ह्यूत साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, आणि बाईंनी वाक्य वाचून "हो" म्हटलं. त्यावर साहेबांनी विचारलं की इतकी कार्डं का राहिली. "राहिली नाहीत, काढली," त्या म्हणाल्या, आणि एकेकाचं कारण सांगितलं.

नंतरच्या भेटीत त्यांनी विचारलं, काढलेली कार्डं थेट पुढच्या स्प्रिंटमध्ये टाकू का? स्प्रिंट बंद करताना जिरा उरलेली कामं कुठे न्यायची ते विचारतो, आणि पुढचा स्प्रिंट निवडणं सोपं वाटतं. मी बॅकलॉग निवडायला सांगते. पुढचं वाक्य अजून लिहिलेलं नसतं, मग त्याची कार्डं आधीच कशी ठरतील? मालकाच्या एसएमएसचं कार्ड पुढच्या नियोजनात पुन्हा वर आलं, कारण त्या वेळचं वाक्य मालकांबद्दल होतं. स्क्रीनच्या नव्या रूपाचं अजून कुणी मागितलेलं नाही.