शॉटच्या क्वालिटीवरून नशीब कसं मोजतात?

प्रश्न: फुटबॉलमध्ये शॉट बघता टीमला किती पॉइंट मिळायला हवे होते ते सांगणारे एक्सपॉइंट्स नक्की काढतात कसे? एक्सजी, म्हणजे सगळ्या शॉटच्या गोल होण्याच्या शक्यतांची बेरीज, ज्याचा जास्त त्याला 3 पॉइंट, असं का?

नाही, तसं नाही. मॅचमधला प्रत्येक शॉट वेगळा धरायचा, त्याची गोल होण्याची शक्यता घ्यायची आणि कोण किती वेळा जिंकलं असतं ते बघायचं.

समजा अ टीमला फक्त एक पेनल्टी मिळाली, शक्यता साधारण 0.8, आणि ब टीमचे दोन शॉट 0.4 चे. दोघांचा एक्सजी 0.8 च. पण हिशोब केला की अ जिंकण्याची शक्यता 28.8%, ड्रॉ 45.6%, ब जिंकण्याची 25.6%. जिंकण्याला 3 ने गुणा, ड्रॉचा 1 मिळवा, अ ला 1.32 आणि ब ला 1.22 पॉइंट. म्हणजे एक्सजी सेम असूनही पॉइंट वेगळे!

असं सीझनच्या 38 मॅचचं जोडायचं आणि खऱ्या टेबलशी लावून बघायचं. 2020-21 ची इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधली ब्रायटन टीम बघा, 41 पॉइंट, 16 वा नंबर, 38 मॅचमध्ये फक्त 40 गोल, पण एक्सपॉइंट्सच्या टेबलात ती बरीच वर होती, आणि पुढच्याच सीझनला कोच ग्रॅहम पॉटरच्याच हाताखाली 51 पॉइंट घेऊन 9 वी आली.

फक्त सगळा फरक नशिबावर ढकलू नका, स्ट्रायकर कच्चा असेल किंवा कीपर भारी असेल तरी फरक पडतो. शिवाय लीड मिळाली की टीम मागे बसते, समोरचे शॉट मारत राहतात आणि त्यांचा आकडा उगाच फुगतो, त्यामुळे गोल कितव्या मिनिटाला झाला तेही बघाच.