पाच किलोमीटरचा हट्ट आणि माझ्या रूममेटची डायरी

महिनाभर रोज पाच किलोमीटर पळायचं ठरवलंयस ना? आधी माझ्या रूममेटच्या डायरीतलं हे वाच. त्याला विचारूनच देतोय.

१ एप्रिल : सिद्धेश्वर तलावापर्यंत पळालो. चहा बंद, भाकरी बंद.

९ एप्रिल : नडगीच्या आतल्या कडेला दाबलं की ठणकतं. गेलो नाही.

१० एप्रिल : नेम मोडलाच आहे तर मोडला. कडक भाकरी, शेंगाचटणी हाणली.

दम लवकर वाढतो, पण हाडांना भार सोसायला वेळ लागतो, म्हणून तो ठणका. (त्यात सोलापूरचा एप्रिल!)

२० जून : दात घासले की लगेच बूट. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं पाच वेळा. चहा चालू.

१८ ऑगस्ट : काल पावसानं बुडालं, आज गेलो. वीस मिनिटं गप्पा मारत पळालो.

तूही जूनच्या नोंदीपासून सुरू कर. बोलता येईना तर वेग कमी कर. बुडालेला दिवस दुप्पट पळून भरून काढू नकोस. आणि नडगीवर बोटाएवढ्या एकाच जागी, चालतानाही दुखायला लागलं तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखव.