‘हाय विलास’ आणि पहिला मेल

हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून सोमवारी रुजू झाले. एचआरने टीमला ओळखीचा मेल टाकायला सांगितलंय. माझा मेल तीनशे शब्दांचा झालाय. शिक्षण, आधीच्या दोन कंपन्या, छंद, सगळं त्यात आहे. काय काढू? – ज्ञानदा, पुणे

शिक्षण काढा, जुन्या प्रोजेक्टांची यादी काढा. ते सगळं रेझ्युमेत आहे आणि ज्यांनी तुम्हाला निवडलं त्यांनी ते वाचलंय. टीमला एवढंच हवं असतं: तुम्हाला काय हाक मारायची, कोणतं काम तुमच्याकडे येणार आणि कशासाठी तुम्हाला गाठायचं. बहुतेक जण हा मेल मीटिंगला जाता जाता मोबाइलवर उघडतात, त्यामुळे पहिल्या दोन ओळींत हे आलं नाही तर पुढचं कुणी वाचत नाही.

विषयाच्या ओळीत नुसतं ‘ओळख’ लिहिलं, तर त्याच आठवड्यात रुजू झालेल्या आणखी चौघांच्या मेलमध्ये तुमचा हरवेल. आणि ‘मायसेल्फ ज्ञानदा’ ही सुरुवात बदला. इंग्रजीत ते वाक्यच होत नाही. ‘आय ॲम’ पुरे.

मी असा लिहिला असता (तुम्ही ऑफिसच्या भाषेत पाठवा):

> विषय: ज्ञानदा – पेमेंट टीममध्ये टेस्टिंगला रुजू
>
> नमस्कार,
>
> मी ज्ञानदा. सोमवारपासून पेमेंट टीममध्ये टेस्टिंगला आले आहे. पहिले काही आठवडे रिफंडच्या टेस्ट केसेस माझ्याकडे आहेत. याआधी चार वर्षं विम्याच्या एका ॲपचं टेस्टिंग केलं, त्यामुळे अर्धवट रिफंडमध्ये हिशेब कुठे फसतो ते बऱ्यापैकी माहीत आहे.
>
> रिफंडचे जुने बग ज्यांनी हाताळलेत त्यांच्याशी या आठवड्यात पंधरा मिनिटं बोलायचं आहे. मी तिसऱ्या मजल्यावर, पॅन्ट्रीसमोरच्या रांगेत बसते.
>
> रविवारी सकाळी सिंहगड चढते. कुणी येणार असेल तर सांगा.
>
> ज्ञानदा

‘छंद: वाचन, संगीत, प्रवास’ या ओळीला कुणी उत्तर देत नाही. सिंहगडाच्या ओळीला हमखास कुणीतरी देतं, निदान ‘झुणका-भाकरी खाऊन येता की नाही’ एवढं तरी विचारतं. क्लायंटचं नाव मात्र टाकू नका. लिस्टवर दुसऱ्या टीमचेही लोक असतात आणि पुष्कळ करारांत ते नाव बाहेर सांगायचं नसतं.

आता नावाचं. आपल्याकडे कागदोपत्री मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. कंपनीच्या डिरेक्टरीत आडनाव आधी आणि मग बाकीचं आलं, की परदेशातला माणूस त्यातलं सोपं दिसेल ते उचलतो. माझ्या आधीच्या नोकरीत एका मुलीला पहिला महिनाभर ‘हाय विलास’ म्हणून मेल येत होते. विलास तिचे वडील! तिनेही संकोचाने दुरुस्त केलं नाही, मग ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. तुमच्या Dnyanada या स्पेलिंगचा उच्चार अमराठी माणसाला कळणं कठीण आहे. त्यामुळे सहीखाली एक ओळ टाका: ‘डी म्हणू नका, नुसतं न्यानदा म्हटलं तरी चालेल.’ आयटीला सांगून डिस्प्ले नेम बदलता येत असेल तर तेही पहिल्याच आठवड्यात करून घ्या.

मॅनेजरला याच मेलमध्ये सीसी करू की वेगळा मेल लिहू? – नाशिक

वेगळा, आणि टीमच्या मेलआधी. मॅनेजरने तुमची मुलाखत घेतलेली असते, त्यांना ओळख नको असते. त्यांना हवी असते ती चारचौघांत न सांगण्यासारखी माहिती. सगळ्यात जास्त गोंधळ ठरलेल्या सुट्टीचा होतो. ऑफर घेताना बहिणीच्या लग्नाची रजा एचआरशी बोललेली असते, पण ती मॅनेजरपर्यंत पोचेलच याची खात्री नसते. मग नेमक्या रिलीजच्या आठवड्यात तुम्ही गायब, आणि पहिल्याच महिन्यात तोंडं वाकडी.

> सर, आज रुजू झालो. लॅपटॉप मिळाला, पण टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेस अजून नाही. मंजुरी कोणाकडे मागू? ऑफरच्या वेळी एचआरशी बोललो होतो, १२ ते १६ तारखेला बहिणीच्या लग्नासाठी रजेवर आहे. टीमला ओळखीचा मेल तुम्ही टाकणार की मी टाकू? मसुदा खाली जोडतो.

शेवटचा प्रश्न विसरू नका. काही मॅनेजर स्वतःच ओळख करून देतात. तुमचा मेल आधी गेला की तेच दोनदा होतं, आणि तुम्ही लिहिलेलं काम त्यांच्या मनातल्या कामापेक्षा वेगळं निघालं तर ते आणखी अवघड. ‘सर’ म्हणायचं की नाव घ्यायचं, हे टीममधले बाकीचे काय म्हणतात ते दोन दिवस ऐकून ठरवा.

टीमची लिस्ट म्हणून जो पत्ता दिला तो टाकला, तर आउटलुकने वर चारशेच्या पुढचा आकडा दाखवला. पाठवू का? – ठाणे

थांबा. तो आकडा त्यासाठीच दिसतो. तुम्हाला बहुधा टीमचा नाही, अख्ख्या विभागाचा पत्ता मिळालाय. रोज ज्यांच्याशी काम आहे त्या दहा-पंधरा जणांचा पत्ता मॅनेजरकडून घ्या आणि त्यांनाच पाठवा.

विभागाला पाठवायचाच असेल तर ‘टू’मध्ये स्वतःचा पत्ता आणि लिस्ट बीसीसीत. म्हणजे कुणी रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर फक्त तुम्हाला येतं. नाहीतर चाळीस जण ‘वेलकम’ म्हणतात, एकेचाळिसावा ‘मला या लिस्टमधून काढा’ म्हणतो, तेही सगळ्यांना. नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, एक चाचणी मेल आठ लाखांहून जास्त खात्यांवर गेला आणि लोकांच्या रिप्लाय ऑलने यंत्रणा मंदावली.

बीसीसीची एक अडचण आहे. काहींनी लिस्टचे मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जावेत अशी सोय केलेली असते, ती अशा वेळी चुकू शकते आणि ‘हा मला का आला?’ असं वाटतं. म्हणून पहिल्याच ओळीत ‘विभागाच्या लिस्टला बीसीसीने पाठवत आहे’ असं लिहा. मेल परत आला आणि परवानगी नाही असं दिसलं, तर त्या लिस्टवर ठरावीक लोकच पाठवू शकतात. मॅनेजरना पाठवायला सांगा.

मेल गेला आणि मग दिसलं, मॅनेजरच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. रिकॉल करू? – कोल्हापूर

नको. आउटलुकचं रिकॉल आपल्या कंपनीतल्या खात्यांपुरतंच चालतं, आणि ज्याने मेल उघडलाय त्याचं लक्ष उलट चुकीकडेच जातं. फक्त मॅनेजरना एका ओळीत ‘नाव चुकलं, माफ करा’ कळवा. सगळ्यांना दुसरा मेल फोन नंबर किंवा काम चुकीचं लिहिलं असेल तरच.

पुढच्या वेळी पत्ता सगळ्यात शेवटी भरा. जीमेल असेल तर सेटिंगमध्ये Undo Send ५ सेकंदांवरून ३० वर न्या.

बाळासाठी तीन वर्षं घरी होते. ओळखीच्या मेलमध्ये ते सांगायला हवं का? – डोंबिवली

नाही. ‘याआधी बँकेच्या कर्जविभागाच्या सॉफ्टवेअरवर काम केलं’ एवढं लिहा, सालं घालू नका. हा मेल आहे, अर्ज नव्हे. मुलाखतीत ते बोलून झालंय. पाळणाघर सहाला बंद होत असेल आणि साडेपाचला निघावं लागत असेल, तर ती ओळ मॅनेजरच्या मेलमध्ये, पहिल्या दिवशी.