हॉटस्पॉटचे निकष आणि बांबर्ड्याचं बी

प्रश्न : ॲमेझॉनचं एवढं मोठं जंगल जैवविविधतेच्या हॉटस्पॉटच्या यादीत नाही, मग आपला सह्याद्री कसा आला?

निकष दोनच आहेत आणि दोन्ही एकदम पुरे व्हावे लागतात. जगात दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या संवहनी, म्हणजे अंगात पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या नलिका असलेल्या, वनस्पतींच्या किमान १५०० जाती तिथे हव्यात, आणि मूळ वनस्पती-आच्छादन निदान ७० टक्के गेलेलं हवं. ॲमेझॉन पहिल्या अटीत सहज बसतं. दुसरीत अडतं, कारण तिथलं बरंच जंगल अजून उभं आहे. ही यादी श्रीमंतीची आहे तशी नुकसानीचीही. ब्रिटिश पर्यावरणशास्त्रज्ञ नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये ही कल्पना मांडली. आज ३६ प्रदेश यादीत आहेत, सह्याद्री त्यात श्रीलंकेसोबत एकत्र मोजतात. वाघ किंवा पक्षी किती, याचा निकषाशी संबंध नाही. आणि घाटात हिरवं दिसतं त्यात रबर, काजू, अकेशियाही असतात. ते मूळ आच्छादनात धरत नाहीत.

प्रश्न : दुर्मीळ झाडांच्या बिया बँकेत ठेवल्या की काम झालं, असं का नाही?

भात-ज्वारीच्या बाबतीत बऱ्याच अंशी होतं. बी वाळवायचं, उणे १८-२० अंशांवर ठेवायचं, वर्षानुवर्षं टिकतं. पण सिंधुदुर्गात दोडामार्गजवळच्या हेवाळे-बांबर्डे इथल्या दलदलीत जायफळाच्या कुळातलं मिरिस्टिका मॅग्निफिका हे झाड आहे. त्याचं बी ओलसर असतं. वाळवलं तर मरतं, ओलं गोठवलं तर आतल्या पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात. म्हणजे बँकेचं दारच बंद.

प्रश्न : मग रोपवाटिकेत वाढवता येणार नाही? जागच्या जागी जपणं म्हणजे इन-सिटू आणि मूळ जागेबाहेर जपणं म्हणजे एक्स-सिटू, यांत सरस कोणतं?

ताजं बी लगेच पेरलं तर रोपं होतात, आणि एक्स-सिटूचा हा मार्ग मी मोडीत काढणार नाही. पण या झाडांत नर-मादी वेगळे असतात आणि फुलोरा येईपर्यंत कोण काय ते कळत नाही. दोन-चार रोपं लावून बाग सजेल, बी धरेलच असं नाही. शिवाय चिखलातून वर येणारी गुडघ्यासारखी मुळं, बी दूरवर नेणारा धनेश आणि बारमाही ओल, हे कुंडीत येत नाही.

इन-सिटूत हे सगळं आपोआप चालतं. मात्र बांबर्ड्याची ही जागा अडीच हेक्टरांच्या आसपास. वरच्या अंगाला कोणी झरा वळवून बागायतीला नेला, तर कुऱ्हाड न लावता दलदल आटेल. म्हणून निव्वळ जैवविविधता वारसास्थळ जाहीर करून भागत नाही, झऱ्याचं वरचं पाणलोटही राखावं लागतं. मोठी झाडं हिरवीच दिसत राहतात, त्यामुळे बिघाड उशिरा कळतो. बघायची ती खालची रोपं: वर्षानुवर्षं नवं रोप दिसेना झालं, तर पाणी तपासा.

उलट कंदीलपुष्पासारख्या कंदवर्गीय वनस्पतींना बाग मानवते; कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांचा संग्रह आहे. तिथे एक्स-सिटूला मी जास्त गुण देईन. मिरिस्टिकासाठी आधी झरा, मग रोपवाटिका.