स्केल चेंजर, साधी, की सरांची जुनी पेटी?

आमच्या भजन मंडळाच्या खात्यात १९,४०० रुपये आहेत. २२ जण महिन्याला ५० रुपये टाकतो. जुनी पेटी कामातून गेली. यवतमाळच्या दुकानात स्केल चेंजर पेटी ३४,००० ची सांगितली, १०,००० आत्ता आणि २,४०० चे १२ हप्ते. तिथंच साधी पेटी १८,५०० ला आहे. गावातले निवृत्त सर त्यांची जुनी पेटी १२,००० ला देतो म्हणतात. तबल्याची पुडीही बसली आहे. पोरं म्हणतात स्केल चेंजरच घ्या. हप्ते माझ्या नावावर होतील. काय करू?
– मंडळाचा सचिव, तालुका दारव्हा

सचिवभाऊ, हप्त्याच्या कागदावर सही करू नका. सरांची पेटी आधी उघडून पाहा. ती पास झाली तर तीच घ्या, नापास झाली तर दुकानातली साधी पेटी रोखीने घ्या. आता कारणं सांगतो.

आधी हिशेब. १०,००० देऊन खात्यात ९,४०० उरतात. वर्षभराची वर्गणी नियमित आली तरी १३,२०० जमतील. दोन्ही मिळून २२,६००, आणि हप्ते होतात २८,८००. म्हणजे ६,२०० ची तूट, आणि ती तुमच्या खिशातून जाणार, कारण कर्ज मंडळाच्या नाही तर तुमच्या नावावर असेल. दुकानदार म्हणेल, २४,००० वर ४,८०० व्याज म्हणजे २० टक्केच की. तसं नसतं. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, पण व्याज मात्र सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर धरलेलं आहे. नीट मोजलं तर दर महिन्याला साधारण २.९ टक्के, म्हणजे वर्षाला ३५ टक्क्यांच्या घरात जातं. त्यात जून ते ऑगस्ट हप्ता भरायचा, म्हणजे बियाणं-खताचा खर्च चालू आणि कापूस अजून झाडावरसुद्धा नाही. त्या तीन महिन्यांत २२ पैकी किती जण वर्गणी देतात, ते तुम्ही मागच्या वहीत बघा. एक हप्ता चुकला तर नोंद तुमच्या नावाला लागेल, आणि पुढच्या वर्षी पीक कर्जाला बँकेत गेलात की तीच नोंद समोर येईल.

आता पोरांचा हट्ट. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांचा सगळा साचा सरकवता येतो. वाजवणारा त्याच बोटांनी वाजवतो, सा मात्र बदलतो. रोज पाच वेगळ्या गायकांना साथ करणाऱ्याला ते सोयीचंच आहे. तुमच्याकडे काय होतं? पुरुष काळी एकच्या आसपास गातात, बायकांच्या भजनाला काळी चार लागते. म्हणजे दोनच जागा. त्या दोन्ही जागांवर सा धरायला तुमच्या पेटीवाल्याला एक पावसाळा पुरे आहे. आणि सरकणाऱ्या साच्यात जोड जास्त, स्प्रिंगा जास्त. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, लाकूड आकसतं. जुलैत तेच लाकूड फुगतं. सरकता साचा या आकसण्या-फुगण्यात अडकला की गावातला सुतार हात लावू शकत नाही. पेटी जाणत्या कारागिराकडे न्यावी लागते आणि नेमकी त्याच आठवड्यात सप्ताह असतो.

पेटीत पैसा जातो तो सुरांसाठी. सूर म्हणजे आतल्या पितळी जिभा. गुजरातमधलं पालिताना या सुरांसाठी प्रसिद्ध आहे. दुकानात ‘जर्मन सूर’ हा शब्द हमखास ऐकाल. खरे जुने जर्मन सूर असलेल्या पेट्या आहेत, पण तो शब्द पुरावा नव्हे. बिलावर लिहून द्या म्हणा, चेहरा बघा. नावाच्या पट्टीचंही तेच. दादरचे हरिभाऊ विश्वनाथ १९२५ पासूनचे, कलकत्त्याला पाकराशी, दिल्लीला बीना. ही नावं खरी आहेत, पण पेटीवर ठोकलेली पट्टी कोणीही ठोकू शकतो. आमच्या बाबांनी एका तालुक्याच्या गावातून मोठ्या नावाची पट्टी पाहून पेटी घेतली होती. तीन वर्षांनी दुरुस्तीला उघडली, तर आत सुरांच्या फळीवर कोण्या भलत्याच कारागिराचं पेन्सिलने लिहिलेलं नाव आणि तारीख! पेटी वाईट नव्हती, फक्त नावाचे पैसे वरचे गेले. म्हणून बनवणारा ओळखायचा तो पट्टीवरून नाही. तुमच्या भागात कीर्तनाला, गुरुकुंज मोझरीच्या कार्यक्रमांना पेटी घेऊन जाणारे तिघे-चौघे असतील. त्यांना विचारा की तुमची पेटी कोण दुरुस्त करतो. कोणाची घेतली, असं विचारू नका. तीनदा एकच नाव आलं, तर तो कारागीर पेटी ओळखतो. शक्य असेल तर त्याच्याकडूनच किंवा त्याच्या नजरेखालून घ्या.

सरांच्या घरी दिवसा जा. पंखा बंद करा, पेटीवाल्याला सोबत घ्या, एक तास मोकळा ठेवा.

आधी सगळे खटके बंद करून भाता मारा. हवेला सुरांकडे वाट नसते, म्हणून थोड्या वेळात भाता दाबायला जड झाला पाहिजे आणि तिथंच अडला पाहिजे. तो मऊपणे आत जात राहिला आणि कुठून तरी सुस्कारा ऐकू आला, तर हवा गळते आहे. गाल जवळ नेऊन किंवा हाताची पालथी बाजू फिरवून जागा सापडते. बहुतेक वेळा भात्याचा कोपरा असतो. जुन्या पेट्यांमध्ये तो उंदरांनी कुरतडलेला असतो, त्यांना सरसाचा वास आवडतो. भात्याचं कापड बदलता येतं, त्यामुळे घाबरू नका, फक्त त्याची किंमत १२,००० मधून वजा करायला लावा.

मग खटके उघडा, एकही पट्टी दाबू नका, भाता मारा. शांतता पाहिजे. एखादा सूर आपोआप गुणगुणला तर त्या पट्टीखालची चामड्याची गादी नीट बसत नाही. ते किरकोळ काम आहे.

खरी परीक्षा इथून पुढे. एकच खटका उघडा, आणि अगदी हलक्या हवेवर एकेक पट्टी दाबत डावीकडून उजवीकडे जा. सूर पट्टी दाबताच बोलला पाहिजे. जोरात हवा मारल्यावर सगळेच बोलतात, म्हणून दुकानदार नेहमी जोरात वाजवून दाखवतो. खर्जाकडचे सूर थोडे उशिरा बोलतात, तेवढं चालतं. मधल्या सप्तकात मात्र एकही मुका किंवा आळशी नको, कारण भजन तिथंच होतं. झिरझिर आली तर बहुधा धूळ. पण एखादा सूर शेजाऱ्यापेक्षा स्पष्ट उतरलेला आणि बसक्या आवाजाचा वाटला, तर जीभ चिरली असण्याची शक्यता आहे. ती बदलावीच लागते.

नंतर दोन खटके एकत्र उघडा, खर्ज आणि नर. एकच पट्टी लांब धरून ऐका. आवाज एकजीव असला पाहिजे. आत लाट उठत राहिली, म्हणजे ‘वाँव-वाँव’ असं काही झालं, तर दोन्ही सूर एकमेकांशी मिळालेले नाहीत. फोनमध्ये ट्यूनर असेल तर कोणता ढळला तेही दिसेल. सूर मिळवून घेता येतात, आणि कसे मिळवतात ते माहीत असलेलं बरं. जिभेच्या टोकाला खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. प्रत्येक वेळी थोडं पितळ जातं. म्हणून शेवटी सरांना विनंती करून पेटी उघडा आणि सुरांची फळी उलटी करून बॅटरीच्या उजेडात पाहा. बारीक ओरखडे असणारच. पण बऱ्याच जिभा खोल खरवडलेल्या, पातळ झालेल्या दिसल्या, तर ती पेटी कितीही गोड वाजो, सोडून द्या. ती आज मिळवली तरी दिवाळीपर्यंत पुन्हा ढळेल. फळीलाच चीर असेल तरीही सोडा. बाकी सागवान, पॉलिश, वजन यावर फार वेळ घालवू नका. आपण विदर्भातली माणसं सागवान दिसलं की पाघळतो.

पैशाची रेघ अशी आखा. कारागिराकडून दुरुस्तीचा अंदाज आधी घ्या. भाता, गाद्या, दोन-चार सूर आणि मिळवणी धरून तो आकडा ४,००० च्या आत असेल तर सरांना १०,५०० म्हणा. सर माणूस आहेत, मंडळासाठी ऐकतील. एकूण १४,५०० झाले, ४,९०० उरले. अंदाज ६,००० च्या वर गेला, तर साधी नवी पेटी १८,५०० ला बरी. तीही वर सांगितल्याप्रमाणेच वाजवून, दुकानातल्या तीनपैकी एक निवडून घ्या, कारण एकाच दराच्या तीन पेट्या सारख्या कधीच नसतात. एक मोफत मिळवणी सहा महिन्यांनी, हे बिलावर लिहून घ्या. नव्या पेटीचे सूर पहिल्या उन्हाळा-पावसाळ्यात थोडे ढळतातच.

तबल्याचं काम उरलेल्या पैशात होतं. नवी जोडी घेऊ नका. लाकडाचं खोड बोटांनी ठोका. ते टणक वाजलं, तडा नसला, तर फक्त पुडी बदला. पुडी आणायला जाताना खोडाच्या तोंडाचं माप घेऊन जा आणि ती काळी एकला बसवून मागा. तुमच्या मंडळासाठी यात एक सोय आहे. काळी चारचा सा धरला की काळी एक हा त्याचा मध्यम होतो. म्हणजे पुरुषांच्या भजनात सा वाजवणारा तोच तबला बायकांच्या भजनात मध्यमाला चालतो, दुसरा लागत नाही. तयार पुडी तपासताना शाईवर अंगठा हलकेच फिरवा. काळी भुकटी बोटाला लागली तर ती उडणार. मग चाटेवर आठही गट्ट्यांच्या घरांत ‘ना’ मारून ऐका. एखादं घर बोदं निघालं आणि गट्टा ठोकूनही चढलं नाही, तर दुसरी पुडी मागा.

सरांना पैसे मंडळाच्या खात्यातूनच चेकने द्या आणि त्यांच्याकडून साध्या कागदावर पावती घ्या, त्यात पेटीत किती सुरांच्या रांगा आहेत तेही लिहा. दर महिन्याचे १,१०० तसेच जमू द्या. पेटी गणपतीआधी एकदा मिळवून घ्यायचा खर्च त्यातून निघेल. आणि रात्री भजन झाल्यावर पेटी मंदिरात जमिनीवर ठेवू नका, उंदरांना दुसरी संधी कशाला.