हॉलच्या दिव्यांचा आराखडा: सुरुवातीला एवढेच पाहा

आपल्या १० बाय १५ फुटांच्या हॉलमध्ये एकाच स्विचवर १२ डाउनलाइट लावण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, कारण छतावरून सरळ खाली पडणाऱ्या प्रकाशात भिंती अंधारलेल्या राहतात, माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि खोली आहे त्यापेक्षा लहान भासते. नवख्यांची ही सर्वांत सामान्य चूक आहे.

त्याऐवजी उजेडाचे तीन थर करावेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र स्विच द्यावा:

- सर्वसाधारण उजेडासाठी एकूण सुमारे २००० ते २५०० ल्युमेन पुरतात; ल्युमेन म्हणजे दिवा देतो त्या उजेडाचे माप. हा उजेड कोव्हमधील, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेतील, दिव्यांच्या पट्टीतून छतावर किंवा भिंतीवर पडून परावर्तित झाला, तर डोळ्यांना खुपत नाही. मात्र परावर्तनात काही उजेड वाया जातो, म्हणून पट्टी थोडी जास्त क्षमतेची घ्यावी.
- वाचनाच्या खुर्चीशेजारी उभा दिवा ठेवावा. त्याच्या शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला असली, म्हणजे बल्ब दिसत नाही आणि पान उजळते.
- उठावासाठी एखाद्या चित्रावर प्रकाश टाकणारा दिवा पुरे.

रंगतापमान, म्हणजे प्रकाश किती पिवळसर किंवा पांढरा आहे याचे माप, सगळीकडे पिवळसर ३००० केल्विन ठेवावे. आपल्याकडे सवयीने घेतला जाणारा ६५०० केल्विनचा पांढराफेक दिवा संध्याकाळी लाकूड आणि त्वचा निस्तेज दाखवतो, आणि पिवळसर दिव्याशेजारी तो लावला की दोन्ही विजोड दिसतात. पिवळ्या दिव्यात कमी दिसते, असे घरातील ज्येष्ठ म्हणतील. ती तक्रार बहुधा कमी ल्युमेनची असते.

फॉल्स सीलिंग बंद करण्यापूर्वी ३००० आणि ४००० केल्विनचा एकेक बल्ब आणून रात्री आपल्याच भिंतीवर पाहावा. डिमरचे नंतर पाहू.